फोटो छापायचाय की नोट्स? प्रिंटरला आधी कागद कोणता ते सांगा

मी घरी शिकवण्या घेते, त्यामुळे प्रिंटर घेतला तो प्रश्नपत्रिका आणि सरावाची पानं छापायला. टाकीत शाई भरायचा, म्हणजे इंक टँकवाला. पहिल्या महिन्यात एका रविवारी घरच्या लग्नाचे पंधरा-वीस फोटो ग्लॉसी कागदावर छापले आणि छान आले म्हणून खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून नेहमीची काळ्या अक्षरांची पानं छापायला घेतली, तर पान ओलसर लागायचं, वाळल्यावर लाटा यायच्या, अक्षर काळं नाही तर तपकिरी दिसायचं आणि पाठीमागे शाई फुटायची. आठवडाभराने टाक्यांकडे बघितलं, तर काळी टाकी जवळपास होती तिथेच आणि लाल, पिवळी, निळी मात्र भराभर उतरलेली. रंगीत तर काहीच छापलं नव्हतं!

शाईत भेसळ आहे म्हणत मी दुकान गाठलं. तिथल्या मेकॅनिकने एवढंच विचारलं, "ताई, पेपर टाईप काय ठेवलाय?" रविवारी फोटोसाठी निवडलेलं सेटिंग मी कायमचं करून बसले होते. चूक माझीच होती. पण त्या एका ओळीमागे इतकं काही दडलेलं असतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर तीन बाटल्यांची शाई वाचली असती. म्हणून हे लिहितेय.

जवळ काय ठेवाल

- साधा ए-फोर कागद, 70 ते 80 जीएसएमचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन
- 4 बाय 6 इंची फोटो पेपरचं छोटं पाकीट. पाकीट फेकू नका, त्यावरचा मजकूर लागेल
- पट्टी आणि पेन्सिल
- प्रिंटरचा कंपनीचा ड्रायव्हर. विंडोजने आपोआप टाकलेल्या ड्रायव्हरमध्ये पुष्कळदा कागदाचे मोजकेच पर्याय दिसतात

1. आधी प्रिंटर शाईचा की पावडरचा, ते बघा

खाली लिहिलेलं सगळं शाईच्या प्रिंटरसाठी आहे. लेझर प्रिंटर टोनरची पावडर उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवतो. इंकजेटसाठीचा ग्लॉसी फोटो पेपर चुकूनही लेझरमध्ये घालू नका. त्याच्यावरचा लेप आत वितळून रोलरला चिकटतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च प्रिंटरच्या किमतीशी स्पर्धा करतो.

2. खरी खिडकी उघडा

ब्राउझरमधून Ctrl+P दाबल्यावर जी खिडकी येते तिच्यात कागदाचा आकार असतो, पण कागदाचा प्रकार बहुधा नसतो. क्रोममध्ये `More settings` उघडून खाली `Print using system dialog` वर जा. वर्डमध्ये प्रिंटरच्या नावाखाली `Printer Properties` अशी ओळ असते. तिथे गेल्यावर कंपनीची स्वतःची खिडकी उघडते. एपसन आणि एचपीमध्ये बहुधा `Paper Type` आणि कॅननमध्ये `Media Type` असं लिहिलेलं असतं. मोबाईलवरून छापत असाल तर कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप वापरा. फोनच्या आयत्या प्रिंट पर्यायात ही निवड बऱ्याचदा दिसत नाही.

इथेच माझा पाय घसरला होता. एखाद्या कामापुरतं बदललेलं सेटिंग त्या कामापुरतं राहतं. पण विंडोजच्या `Printers & scanners` मध्ये जाऊन `Printing preferences` मध्ये बदललेलं सेटिंग पुढच्या प्रत्येक कामाला लागू होतं. फोटोचं सेटिंग तिथे कधीही ठेवू नका.

3. पेपर टाईप: सगळी गोम इथे आहे

नवीन माणूस आधी `High` कुठे आहे ते शोधतो. मीही तेच केलं होतं. पण कागदावर किती शाई पडणार, कोणती पडणार आणि रंग कसे मिसळणार, हे मुख्यतः कागदाच्या प्रकारावर ठरतं. प्रिंटरला स्वतःला कागद दिसत नाही. ट्रेमध्ये काय आहे ते तुम्ही सांगाल तेच तो खरं मानतो.

शाळेत शाईपेनाने रफ वहीत लिहिलेलं आठवा. अक्षर फुटायचं, कारण उघड्या तंतूंमध्ये शाई पसरायची. साधा कागद तसाच असतो. त्यावर जास्त शाई ओतली तर ती आडवी पसरते आणि खालीही झिरपते. म्हणून `Plain Paper` निवडल्यावर प्रिंटर हात आखडता घेतो. फोटो पेपरवर मात्र खास लेप असतो. शाई पडल्या जागी तो तिला धरून ठेवतो, पसरू देत नाही. त्यामुळे तिथे प्रिंटर बिनधास्त शाई ओततो आणि रंग भरदार येतात.

दुसरी गोष्ट काळ्या शाईची. बऱ्याच इंक टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि तीन रंग डायचे, म्हणजे पूर्ण विरघळलेल्या रंगाचे असतात. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात. साध्या कागदावर ते वरच बसतात, म्हणून अक्षर गडद आणि काठाला स्वच्छ येतं. ग्लॉसी लेपात मात्र ते मुरत नाहीत, वर तरंगतात आणि बोट लावलं की पुसले जातात. म्हणून ग्लॉसी निवडलं की असे प्रिंटर काळी टाकी बाजूला ठेवतात आणि निळा, लाल, पिवळा एकत्र करून काळा बनवतात. माझी तपकिरी अक्षरं आणि रिकामी होणारी लाल टाकी, दोन्हींचं कोडं इथे सुटलं. साधी पानं मी ग्लॉसीच्या सेटिंगवर छापत होते, आणि प्रिंटर बिचारा तीन रंग घोटून काळी अक्षरं काढत होता.

तुमची काळी शाई कोणती हे बाटलीवर किंवा माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. नसेल तर साध्या कागदावर छापलेली ओळ पूर्ण वाळू द्या आणि ओलं बोट फिरवा. फारशी हलली नाही तर पिगमेंट, निळसर-करडी पसरली तर डाय. काही प्रिंटरमध्ये चारही शाया डायच्या असतात. तिथे काळी टाकी बंद ठेवण्याचा हा भाग तसाच लागू होईल असं नाही, शाईच्या मापाचा होतो.

आता यादीतलं नेमकं काय निवडायचं? यादीत कंपनीच्या स्वतःच्या कागदांची नावं असतात, आणि आपण आणलेलं असतं कोपऱ्यावरच्या दुकानातलं "180 जीएसएम ग्लॉसी". पाकिटावर सूचना असेल तर ती पाळा. नसेल तर चकचकीत कागदाला नावात `Glossy` असलेला साधा पर्याय निवडा, `Ultra` किंवा `Pro` असलेला नको. वरच्या दर्जाच्या कागदासाठी ठेवलेलं शाईचं माप स्वस्त लेपाला झेपेलच असं नाही. चमक नसलेल्या कागदाला `Matte` निवडा. एक पान काढून बघा. गडद भागात शाईचे थेंब उभे राहिले किंवा दोन-तीन तासांनीही हाताला चिकट लागलं, तर एक पायरी खाली उतरा.

4. क्वालिटी: `Draft`, `Standard`, `High`

कागद ठरला की मग हे. प्रिंट हेड कागदावरून आडवा फिरतो. `Draft` मध्ये तो घाईने जातो आणि थेंब विरळ टाकतो. `High` मध्ये एकाच पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा जातो, थेंब अधिक नेमके बसवतो आणि दोन फेऱ्यांमधल्या रेषा झाकल्या जातात.

साध्या कागदावर `High` ठेवून मिळतं फार थोडं. थेंब कितीही नेमका टाकला तरी तो तंतूंत पसरणारच. वेळ मात्र कितीतरी जास्त लागतो. माझ्याकडे साध्या कागदाला `Standard` हाच कायमचा नियम आहे.

`Draft` ने शाई वाचते हे खरं, पण मराठी मजकुराला ते जपून वापरा. 10 पॉइंटच्या आतलं देवनागरी अक्षर `Draft` मध्ये छापलं की अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांचे बारीक भाग विरळ होतात. "अंत" आणि "अत" यांत फरक कळेना, अशी एक शुद्धलेखनाची प्रश्नपत्रिका मी मुलांच्या हाती दिली होती. त्यानंतर `Draft` फक्त स्वतःच्या कच्च्या पानांसाठी. हॉल तिकीट, बारकोड किंवा क्यूआर कोड असलेलं पान `Draft` मध्ये काढूच नका. काळे चौकोन भुरकट आले की स्कॅनर अडतो.

फोटो पेपरवर `High` ठेवा. महागाचा कागद घालून तिथे `Standard` वर काटकसर करायची, तर आकाश किंवा गाल अशा एकसारख्या रंगाच्या जागी आडव्या रेषा दिसण्याची शक्यता वाढते.

5. खोक्यावरचा डीपीआय आणि फोटोतले पिक्सेल

खोक्यावर 4800 बाय 1200 किंवा 5760 बाय 1440 डीपीआय लिहिलेलं असतं. हे वाचून काही जण आपला फोटोही इंचाला 4800 पिक्सेलचा करायला बसतात. तसं नाही. तो आकडा एका इंचातल्या थेंबांच्या जागांचा आहे. प्रिंटरकडे फिका गुलाबी रंग नसतोच. तो लाल थेंब विरळ टाकतो, मधे पांढरा कागद सोडतो आणि दुरून आपल्याला गुलाबी दिसतं. ठिपक्यांची रांगोळी लांबून बघावी तसं. तुमच्या फोटोतल्या एका पिक्सेलची छटा आणायला त्याला असे बरेच ठिपके लागतात.

फोटोच्या बाजूने इंचाला 300 पिक्सेल भरपूर झाले. म्हणजे 4 बाय 6 इंचासाठी 1200 बाय 1800 पिक्सेल. फाईलवर उजवी क्लिक करून `Properties` मधल्या `Details` मध्ये आकडे दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलच्या आसपास असते. 6 इंचांवर तो इंचाला 266 पडतो, चालून जातं. तोच फोटो ए-फोरवर ताणला तर इंचाला जेमतेम 137, आणि डोळे, केस, साडीचे काठ मऊ दिसायला लागतात. इथे `High` किंवा एचपीतलं `Maximum DPI` काहीही वाचवत नाही, कारण जे फाईलमध्येच नाही ते कागदावर कुठून येणार? समोरच्याला सांगा, "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव." तसा पाठवला की मूळ फाईल येते.

6. कागदाची बाजू

बहुतेक फोटो पेपरना एकाच बाजूला लेप असतो. चकचकीत कागदात ती उघड दिसते. मॅटमध्ये फसायला होतं. कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा, लेपाची बाजू बोटाला चिकटल्यासारखी वाटते. ट्रे मागचा असेल तर छापायची बाजू बहुधा तुमच्याकडे आणि पुढचा असेल तर खाली, पण आपल्या प्रिंटरचं एकदा पेन्सिलची खूण करून तपासा. 200 जीएसएमच्या वरचा कागद एका वेळी एकच घाला.

7. करून बघू: आठ पासपोर्ट फोटो

आता सगळं एकत्र. शाळेच्या अर्जांना लागतात तसे 3.5 बाय 4.5 सेंटिमीटरचे फोटो 4 बाय 6 च्या एका कागदावर काढायचेत.

आडव्या कागदाची रुंदी 15.24 आणि उंची 10.16 सेंटिमीटर. एका ओळीत चार फोटो म्हणजे 14 सेंटिमीटर, दोन ओळी म्हणजे 9. दोन्ही बसतात आणि कडेला थोडी जागाही उरते. इंचाला 300 पिक्सेल धरले तर एका फोटोला 413 बाय 531 पिक्सेल लागतात. आजकालच्या कुठल्याही फोनच्या फोटोतून हे सहज निघतात, फक्त चेहरा फार लांबून काढलेला नको.

वर्डमध्ये पानाचा आकार 6 बाय 4 इंच आणि समास चारही बाजूंनी 0.4 सेंटिमीटर ठेवा. फोटो आधी 7 ला 9 या प्रमाणात कापून घ्या, मग उंचीच्या चौकटीत `4.5 cm` असं टाइप करा. रुंदी आपोआप 3.5 होईल. त्याला बारीक करडी किनार द्या म्हणजे कात्री कुठे चालवायची ते कळेल. फोटोची प्रत करत चार-चारच्या दोन ओळी भरा. दुसरी ओळ पुढच्या पानावर पळाली तर ओळींमधलं अंतर `Single` आणि परिच्छेदाखालची जागा शून्य करा.

मग प्रिंटरच्या खिडकीत कागदाचा आकार 4 बाय 6, प्रकार ग्लॉसी, क्वालिटी `High`. आणि `Borderless` बंद! हा सापळा लक्षात ठेवा. बिनकिनारीच्या छपाईत कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून प्रिंटर चित्र किंचित मोठं करतो आणि थोडी शाई कागदाच्या बाहेर, आतल्या स्पंजवर सोडतो. लग्नाच्या फोटोला हे चालतं. पासपोर्ट फोटोचं माप मात्र बिघडतं. `Fit to page` ही तसाच घोळ करतो, तोही काढा.

आधी हेच पान साध्या कागदाच्या 4 बाय 6 तुकड्यावर, `Plain Paper` आणि `Standard` ठेवून काढा. रंग फिके येतील, ते सोडून द्या. पट्टी लावून 3.5 आणि 4.5 भरतंय का तेवढं बघा. भरलं की ग्लॉसी कागद घाला आणि प्रकार बदलायला विसरू नका. ग्लॉसी कागदावर `Plain Paper` राहिलं तर फोटो निस्तेज येतो आणि केसांचा काळा भाग पिगमेंट शाईमुळे तासाभरानेही बोटाला लागतो. ते पान वाया गेलंच म्हणून समजा.

फोटो निघाला की एकमेकांवर न ठेवता पसरून ठेवा. कापायला अर्धा तास थांबा, अल्बममध्ये किंवा प्लास्टिकच्या पाकिटात घालायला एक दिवस.

8. साध्या पानांची काटकसर

कागद `Plain Paper`, क्वालिटी `Standard`, आणि रंग नको असेल तर `Grayscale`. एचपीमध्ये तिथे दोन पर्याय दिसू शकतात: `Black Ink Only` आणि `High Quality Grayscale`. दुसऱ्यात राखाडी छटा मऊ यायला रंगीत शायाही वापरतात. नोट्सला पहिलाच पुरे. आणि एक ध्यानात ठेवा, कागद ग्लॉसी राहिला असेल तर नुसतं `Grayscale` करून काळी टाकी वापरली जाईलच असं नाही. प्रिंटर रंगांतूनच राखाडी बनवत बसतो.

किती फरक पडतो? ढोबळ हिशेब सांगते. नेहमीच्या मजकुराच्या पानावर शाईने झाकलेला भाग साधारण 5 टक्के धरतात. ए-फोरचं क्षेत्रफळ सुमारे 97 चौरस इंच, म्हणजे पाच चौरस इंचभर शाई. 4 बाय 6 चा फोटो 24 चौरस इंचांचा आणि जवळजवळ पूर्ण झाकलेला. एक छोटा फोटो म्हणजे पाचेक पानांचं काम, आणि तेही मुख्यतः रंगीत टाक्यांमधून. खोक्यावर लिहिलेला "एका बाटलीत इतकी पानं" हा आकडा कागदपत्रांच्या नमुना पानांवरून काढलेला असतो. त्यावरून फोटोंचा हिशेब लावू नका.

9. पान बिघडलं तर आधी काय बघाल

साधं पान ओलं, लाटांचं, अक्षर तपकिरी: प्रकार ग्लॉसी राहिलाय.

फोटो फिका, काळा भाग पुसला जातोय: प्रकार प्लेन राहिलाय.

शाई थेंबाथेंबाने वर साचली: कागद उलटा घातलाय, किंवा वरच्या दर्जाचा प्रकार निवडलाय.

सेटिंग बरोबर असूनही आडव्या पांढऱ्या रेषा येत असतील तर `Nozzle Check` काढा. नमुन्यातल्या रेघा तुटक असतील तरच `Head Cleaning` करा. मी सुरुवातीला रंग जरा फिका वाटला की क्लीनिंग करायचे. प्रत्येक क्लीनिंगला शाई खर्च होते आणि ती सगळी टाकाऊ शाईच्या स्पंजात जाते. दोनदा करून फरक पडला नाही तर काही तास प्रिंटर तसाच ठेवून पुन्हा तपासा.

10. दोन सेटिंग्ज नाव देऊन साठवा

दरवेळी चार गोष्टी बदलायच्या म्हटल्या की एखादी सुटतेच. एपसनमध्ये `Add/Remove Presets`, कॅननमध्ये `Commonly Used Settings`, एचपीमध्ये `Printing Shortcuts` अशी सोय असते. एक संच करा "नोट्स" नावाचा: प्लेन, स्टँडर्ड, ग्रेस्केल, ए-फोर. दुसरा "फोटो 4x6": ग्लॉसी, हाय, रंगीत, बिनकिनारी. पासपोर्टसाठी हवा तर तिसरा, बिनकिनारी बंद ठेवून. `Printing preferences` मध्ये मात्र "नोट्स"च कायमचा राहू द्या. म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणी न बघता प्रिंट दिलं, तरी फार तर एक फोटो फिका येईल.